‘खेळायचं नाही’ म्हणणारा मुलगा आणि वजन लावलेला पाय

*‘माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. जिन्यावरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात आज आमचा नववा दिवस. पायाला पट्ट्या गुंडाळून वजन टांगलंय. अजून दोन आठवडे असंच, मग कमरेपासून प्लास्टर घालणार आहेत. पहिले चार दिवस तो खूप रडला. मी त्याला डोळे मिटायला लावून ‘ओळख पाहू’ खेळायचे. एकदा त्याचे डोळे मिटलेले असतानाच सिस्टरांनी सुई टोचून रक्त काढलं. पटकन झालं, बरं वाटलं. पण आता खेळूया म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करतो. रडतही नाही. सगळे म्हणतात, रुळला. मागतो फक्त मोबाइल. खेळणी वॉर्डात नको म्हणतात, आणि मला काही सुचत नाही. वस्तू न लागणारे, झोपून खेळता येतील आणि दिवसभर त्याला गुंतवून ठेवतील असे खेळ सांगाल का?’ – एक आई*

ताई,

मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. त्यातला मोठा काळ हाडांच्या मुलांबरोबर गेला. म्हणून तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा दिसली ती खेळांची कमतरता नव्हे, ती सुई. तुम्ही ती एका ओळीत सांगून पुढे गेलात. मला वाटतं, तुमचा मुलगा अजून तिथेच थांबलाय.

त्याच्या जागेवरून बघा. दिवसभरात त्याला कशाकशाला नाही म्हणता येतं? औषधाला नाही, पॉटला नाही, सकाळी चार डॉक्टर पांघरूण बाजूला करून पाय बघतात त्यालाही नाही. घरी तो हट्ट करून पळून जात असेल, इथे पळताही येत नाही. ‘आपण खेळूया’ एवढी एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्या मर्जीने चालू व्हायची आणि त्याच्या मर्जीने थांबायची. त्यात त्याने आईवर भरवसा ठेवून डोळे मिटले, आणि त्याच मिटलेल्या डोळ्यांआड सुई आली. साडेपाच वर्षांचं मूल यातून एकच हिशोब मांडतं: आई खेळूया म्हणाली की काहीतरी टोचणार आहे. हा हट्टीपणा नाही, त्याच्या वयाला साजेसा शहाणपणा आहे. सिस्टरांचाही हेतू वाईट नव्हता. घाईच्या वेळी मीसुद्धा असं केलंय आणि नंतर त्या मुलाचा चेहरा बघून पस्तावलेय.

‘रुळला’ या शब्दाबद्दलही थोडं बोलते. जेम्स रॉबर्टसन या संशोधकाने लंडनमधल्या रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका लहान मुलीचं चित्रण करून 1952 मध्ये ते लोकांना दाखवलं. तेव्हा आईवडिलांना वॉर्डात फार थोडा वेळ येऊ देत, आणि न रडणारं मूल रुळलं असं सगळे धरून चालत. तसं गप्प होणं म्हणजे बरं वाटणं नव्हे, हे त्याने दाखवून दिलं. पुढे 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीनेच आईवडिलांना मुलांपाशी मोकळेपणी येऊ द्यावं, वॉर्डात मुलांना खेळायला मिळावं, अशा शिफारशी केल्या. तुमचं मूल एकटं नाही, तुम्ही त्याच्या उशाशी आहात, ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून घाबरू नका. पण त्याच्या गप्प बसण्याला बरं वाटणं समजू नका, एवढंच.

तेव्हा नव्या खेळाआधी त्याला सरळ सांगा. दुपारी, आजूबाजूला कुणी नसताना, लांबण न लावता: ‘त्या दिवशी आपण खेळत होतो तेव्हा मी तुला न सांगता सुई टोचू दिली. ते चुकलं माझं. यापुढे सुई असेल तर मी आधी सांगेन. खेळात सुई येणार नाही.’ तो काही बोलला नाही तरी चालेल. त्याच्याकडून ‘बरं’ वदवून घेऊ नका. आणि सिस्टरांनाही सांगून ठेवा की टोचायचं असेल तेव्हा आधी आम्हाला सांगा. बहुतेक सिस्टर ऐकतात. आधी सांगितलेलं मूल जास्त रडतं असा एक समज आहे. ते आधी रडतं हे खरं, पण पुढच्या वेळी ते ट्रॉली बघून लांबूनच किंचाळत नाही.

सुईच्या वेळी लक्ष दुसरीकडे वळवल्याने मुलांना दुखणं कमी जाणवतं, हेही खरं आहे. म्हणून तेव्हाही काहीतरी करायचंच. फक्त ते त्याला सांगून आणि त्याने निवडलेलं. ‘सुई आहे. थोडं दुखेल. तुला बघायचंय की छताकडे बघायचंय? फुंकर मारायची की आकडे मोजायचे?’ मोजणार असेल तर कितीपर्यंत, ते त्याने ठरवावं. ही ‘सुईची फुंकर’ दिवसभराच्या खेळात कधी आणू नका. दोन्हीची सरमिसळ झाली की खेळाला पुन्हा तोच वास येतो.

आता खेळ. तुम्हाला सुचत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, तुम्ही कॉटशेजारी बसून किंवा उभ्याने विचार करताय, म्हणून असं होतंय. रात्री तुम्ही त्याच्या कॉटखाली किंवा बाजूला चटई टाकून झोपत असाल. आज तिथे उताणं पडा, पाय सरळ ठेवा आणि मान न उचलता दहा मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. वॉर्ड एकदम निराळा होतो. माणसं खालून दिसतात, म्हणजे हनुवट्या आणि नाकपुड्या. भिंतीचा वरचा अर्धा भाग, पंखा, ट्यूबलाइट, ओल आलेला छताचा कोपरा. दाराशी काय चाललंय ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. त्याचं जग सध्या एवढंच आहे. जो खेळ या जगातून निघतो त्याला वस्तू लागत नाही, आणि तो तुमच्यापेक्षा त्याला जास्त चांगला येतो, कारण तो नऊ दिवस हेच बघतोय.

दुसरं, त्याचं काय काय हलू शकतं ते सिस्टरांना विचारून मनाशी पक्कं करा. डोळे, आवाज, श्वास, दोन्ही हात. मोकळा पाय. आणि वजन लावलेल्या पायाचा घोटा आणि बोटं. ही बहुतेक वेळा हलवायला सांगतातच, पण विचारून घ्या. कंबर वळवायची नाही, उठून बसायचं नाही. इथे एक बारकी गोष्ट आहे. तुम्ही त्याच्या डोक्यामागून किंवा फार बाजूने खेळवलंत, तर तो तुम्हाला बघायला वळतो, वळता वळता पलंगाच्या पायथ्याकडे सरकतो, आणि मग टांगलेलं वजन जमिनीला टेकतं. वजन टेकलं म्हणजे पायावर ओढ राहिली नाही. तेव्हा खेळाची सगळी हालचाल त्याच्या समोर, छाती ते छत या पट्ट्यातच ठेवा. तुम्ही कमरेच्या बाजूला बसा, उशाशी नको. वजन टेकलेलं दिसलं किंवा दोरी कप्पीवरून सरकलेली दिसली, तर स्वतः उचलू नका, सिस्टरांना हाक मारा. शेजारच्या कॉटवरची मुलं त्या वजनाला झोका देतात, तेही आधीच थांबवा.

सुरुवात कशी करायची? ‘खेळायचं का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि त्याला पुन्हा ते द्यायला लावण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर तुम्ही एकट्याच खेळा. तुमच्या वॉर्डात कुठला खेळ जमेल ते मी इथून सांगू शकत नाही, पण आमच्याकडे एका मुलाबरोबर कसा तयार झाला ते सांगते.

तो सहा वर्षांचा होता, असाच वजनावर. आजी सोबत. तोही कुणाशी बोलत नसे. आजी एका दुपारी डोळे मिटून पडल्या होत्या आणि बाहेर चाकं वाजली. त्या सहज म्हणाल्या, ‘आली वाटतं जेवणाची गाडी.’ आली ती औषधांची ट्रॉली. पोरगं पुटपुटलं, ‘ती नाही ती. ती खडखड करते.’ इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा आपणहून काढलेलं वाक्य. आजी हुशार. त्यांनी कौतुक केलं नाही, फक्त विचारलं, ‘मग ही कशी करते?’ आणि त्याने सगळ्या चाकांचे आवाज करून दाखवले. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं, म्हणजे ‘कुईं-टक, कुईं-टक’. जेवणाच्या गाडीची झाकणं वाजतात. धुण्याची गाडी जड, ती नुसती घरंगळते. स्ट्रेचर आला की आधी दार भिंतीवर आपटतं.

नियम एकच झाला: चाक वाजलं की ती दारातून आत यायच्या आधी सांगायचं, कोण आलं. बरोबर आलं की छातीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट उघडायचं. पाच बोटं उघडली की मूठ मिटून पुन्हा सुरू. हरायचं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्याने नियम वाढवला: ट्रॉली कुठल्या कॉटपाशी थांबेल तेही सांगायचं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या कॉटवरचा मोठा मुलगा, ज्याच्या हाताला सलाईन होतं, तो आपणहून सामील झाला आणि त्याने ‘चपला’ आणल्या. म्हणजे चालण्याच्या आवाजावरून सिस्टर की मावशी की डॉक्टर, ते ओळखायचं. आम्ही सगळ्या त्या आठवड्यात पाय न वाजवता चालून बघितलं, तरी त्यांनी आम्हाला ओळखलंच.

या खेळात एकदा अडलं. ड्रेसिंगची ट्रॉली आली, तसा तो मुलगा एकदम गप्प झाला, ओठ आवळले. आजींनी खेळ तिथेच थांबवला, ‘ही ड्रेसिंगची आहे. मी विचारून येते कुणासाठी आहे,’ म्हणाल्या आणि खरंच विचारून आल्या. ती पलीकडच्या मुलीसाठी होती. पुढे तो स्वतःच ती ट्रॉली ओळखून ‘विचारून ये’ म्हणायला लागला. मला तो खेळ यासाठी आवडतो. काय येतंय आणि कुणासाठी, हे पडल्या पडल्या आधी कळायला लागलं की प्रत्येक चाकाला दचकावं लागत नाही. पण असं गप्प होणं दिसलं आणि तरी ‘चल, ओळख ना’ करत राहिलं, तर याच खेळाची त्याला भीती बसेल.

तुम्ही आजींसारखं करून बघा. डोळे मिटून मोठ्याने ओळखत बसा. मुद्दाम चुकायची गरज नाही, तुम्ही खरोखरच चुकाल, आणि चुकलेल्या मोठ्या माणसाला दुरुस्त न करता राहणं मुलांना जमत नाही. पण डोळे तुम्ही मिटायचे. त्याला पुष्कळ दिवस मिटायला सांगू नका. दोन-तीन दिवस तो काहीच बोलला नाही तरी चालू ठेवा. ऐकत पडून राहणं हेही खेळणंच आहे, आणि त्याची नजर चाकांच्या आवाजाबरोबर दाराकडे गेली की समजा तो खेळतोय.

एकदा तो आत आला की मग दोन गोष्टी लगेच त्याच्या हाती द्या. एक म्हणजे थांबवण्याचा हक्क. गल्लीत खेळताना तो ‘टॅम्प्लीज’ म्हणत असेलच. इथेही तेच. टॅम्प्लीज म्हटलं की अर्ध्या शब्दावर थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. पहिल्या दिवशी तो ते नुसतं तपासायला दहा वेळा म्हणेल. दहाही वेळा थांबा. बोलायची इच्छा नसेल तर तळहात वर केला की टॅम्प्लीज. दुसरी म्हणजे नियम बदलण्याचा हक्क. तुम्ही खेळ अर्धाच बनवून त्याच्यापुढे ठेवा: ‘चूक झाली तर काय करायचं, हे ठरलं नाही अजून.’ तो जे ठरवेल ते घ्या, मग ते तुमच्या विरुद्ध असलं तरी. या वयात तो दर वेळी स्वतःला जिंकवणारा नियम काढेल, काढू दे. नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि वाट बघणं लांबता कामा नये. सगळ्या वॉर्डातून फिरून पाळी यायची असेल, तर या वयाचं मूल मधेच गळून जातं.

बोटांच्या खेळांत ‘चिमणी भुर्र’ तुम्हाला येतोच. त्यात मांडी घालून बसायची गरज नाही. हात पोटावर, एक बोट पांघरुणावर टेकलेलं. चिमणी भुर्र, पोपट भुर्र, म्हैस... म्हशीला बोट उचललं की फसला. तो तसाच खेळा, आणि मग त्याला विचारा की वॉर्डातलं काय काय उडतं. उशी, पंखा, मोठे डॉक्टर, इडली. पंखा उडतो की नाही यावर आमच्या वॉर्डात दोन दिवस वाद चालला होता.

याच खेळाचं एक रूप पायाच्या बोटांसाठी करा, आणि यात माझा थोडा सिस्टरपणाचाही स्वार्थ आहे. वजन लावलेल्या पायाची बोटं दिवसातून अनेकदा बघावी लागतात: रंग कसा आहे, गरम आहेत का, स्पर्श कळतो का, हलतात का. मूल कंटाळून हलवत नाही, मग हलत नाहीत की हलवत नाही ते कळत नाही. ‘अंगठा वर गेला की दिवा लागला, खाली आला की विझला.’ तुम्ही म्हणायचं ‘दिवा’, त्याने लावायचा. मग तो म्हणणार आणि तुम्ही तुमच्या पायाने लावायचा. नंतर तो बघत असताना तुम्ही कुठल्या बोटाला हात लावला ते त्याने न हसता सांगायचं. आधी हात धुवा आणि पट्टीला, दोरीला हात लागू देऊ नका. खेळता खेळता असं दिसलं की काल लागणारा दिवा आज लागत नाही, पाऊल वर ओढता येत नाही, बोटं गार पडलीत, पांढरट किंवा निळसर दिसतात, मुंग्या येतायत किंवा दुखणं वाढतच चाललंय, तर तो हट्ट समजून वाट बघू नका. त्याच मिनिटाला सिस्टरांना बोलवा. पट्टी घट्ट होऊन रक्त किंवा नस दबली असेल, तर तासभराचा उशीरही महागात पडतो.

इथे तुम्हाला वाटेल, मीच म्हणाले खेळात फसवणूक नको आणि मीच तपासणी घुसवतेय. म्हणून त्याला सांगूनच करा: ‘हा खेळ सिस्टरांना पण हवाय, त्यांना तुझी बोटं बघायची असतात.’ मुलांना हे आवडतं. आपल्या पायाचा दिवा आपण सिस्टरांना लावून दाखवतो, यात त्यांची ऐट असते.

आता तुमच्या ‘दिवसभर’ या शब्दाकडे येते. दिवसभर गुंतवून ठेवायचं ओझं तुम्ही घेऊ नका. ते होत नाही, आणि प्रयत्न केला तर चौथ्या दिवशी तुम्ही त्याच्यावर ओरडाल. वॉर्डाच्या दिवसाला स्वतःचे उतार असतात. राउंड आणि अंग पुसणं झाल्यावर जेवण येईपर्यंतचा वेळ, दुपारच्या झोपेनंतर भेटायची वेळ सुरू होण्याआधीचा वेळ, आणि दिवे मंद केल्यावरचा. या तीन जागी पाच-दहा मिनिटं पुरतात. मधे तो नुसता पडून पंखा बघेल, बघू दे. मोबाइललाही मी शत्रू मानत नाही. तुम्हाला आंघोळीला, औषधं आणायला जावं लागतं तेव्हा तो द्या. फक्त एक बघा: उताणं पडून मोबाइल हातात धरला की हात दुखतात, मग मूल कुशीवर वळायला बघतं, आणि कंबर वळते. शिवाय चार्जिंग संपलं की जो रडण्याचा सूर लागतो तो सगळ्या वॉर्डाला ऐकावा लागतो. तेव्हा किती वेळ ते आधी ठरवून.

शेजारच्या मुलांना घ्यायचं का? घ्या, पण कोण कशासाठी आलंय ते बघून. पोटाला टाके पडलेल्या मुलाला हसवणारा खेळ नको, हसताना टाके ओढतात आणि ते खरंच कळवळतं. त्याच्यासाठी हळू आवाजाचे, ओळखण्याचे खेळ. कुणाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं असेल तर त्या दिवशी खाण्याच्या पदार्थांच्या भेंड्या नकोत. एकदा मी नाव-गाव-फळ-फूल तोंडी खेळवत होते, ‘पदार्थ’ आला आणि उपाशी पोराला रडू फुटलं. तेव्हापासून ‘पदार्थ’च्या जागी ‘आवाज’ घातला. डोळ्याला पट्टी असलेलं मूल चाकांच्या खेळात सगळ्यांच्या पुढे असतं. हाताला सलाईन असेल तर त्या हाताचं बोट उडवायचं नाही, दुसऱ्या हाताचं. खोकल्या-तापाच्या किंवा वेगळ्या ठेवलेल्या मुलाशी आवाजाचे खेळ दारातून होतात, टाळ्यांचे नाहीत. खेळणी वॉर्डात नको म्हणतात त्यामागे हेच कारण असतं, एका हातातून दुसऱ्या हातात जंतू जातात. या खेळांत तशी वस्तूच फिरत नाही, त्यामुळे सिस्टर सहसा अडवत नाहीत. आवाज वाढला तर मात्र अडवतील.

रात्रीसाठी एक वेगळा खेळ. रात्री दुखणं जास्त वाटतं आणि घर आठवतं. त्याला घरी चालत नेऊ या. रुग्णालयाच्या फाटकापासून नव्हे, ते लांब पडतं. तुमच्या गल्लीच्या तोंडापासून. ‘आपण वळलो. आता पहिलं काय लागतं?’ तो म्हणेल, किराणा दुकान. ‘मग?’ मग कुत्रा, मग नळ, मग पायऱ्या. तुम्ही फक्त ‘मग?’ म्हणायचं, घाई करायची नाही आणि तो चुकला तरी सुधारायचं नाही. रस्ता त्याचा आहे. मुलं फार बारीक चालतात. एकाने मला चप्पल कुठल्या कोपऱ्यात काढायची आणि दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, इथपर्यंत सांगितलं होतं, आणि उंबरठ्यापाशी झोपला. तुमच्याकडे एक सांभाळायचं आहे: तो जिन्यावरून पडलाय. वाटेत जिना आला आणि तो थांबला, तर ‘आज आपण इथेच बसू’ म्हणा. जिन्यावर पुढे काय झालं ते त्याला सांगायचं असेल तर ऐकून घ्या, नसेल तर उकरू नका. घर आठवून रडला तरी बिघडत नाही. इतके दिवस अडलेलं रडू असेल ते. रडून झाल्यावर परत चालायचं का, ते तो सांगेल. दोन-तीन रात्री ओळीने रडणंच होत राहिलं तर हा खेळ सोडा आणि छताच्या ओल आलेल्या कोपऱ्यात प्राणी शोधा. आणि तो दिवसाही खात नसेल, बोलत नसेल, झोपत नसेल, तर राउंडला डॉक्टरांना तसं सांगा. तेही आजाराइतकंच सांगण्यासारखं असतं.

शेवटी प्लास्टरचा दिवस. मांडी-कमरेचं प्लास्टर या वयात बहुतेक वेळा भूल देऊन घालतात, म्हणजे उपाशी राहणं आणि थिएटरचं दार आलंच. आदल्या संध्याकाळी त्याला सांगा: उद्या झोपेचं औषध देतील, उठशील तेव्हा कमरेला प्लास्टर असेल, वजन निघालेलं असेल. आत तुम्हाला सोडणार नाहीत, तेही सांगा. त्या सकाळी त्याने निवडलेला खेळ स्ट्रेचरवर चालू ठेवा. लांबच लांब छतं आणि दिवे त्याच्या डोळ्यांसमोरून जातील, ते मोजा. आणि दारापाशी डाव संपवू नका. एक चाक वाजू द्या, त्याला ओळखू द्या, आणि बरोबर की चूक ते सांगू नका. ‘हे बाहेर आलास की सांगते,’ म्हणा.

जागा झाल्यावर त्याला मळमळेल, तो चिडचिड करेल, कदाचित त्याला डाव आठवणारही नाही. तेव्हा तुम्ही आठवण करून देऊ नका. त्याने विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं सांगा.